एसआयपीची सरासरी खरेदी किंमत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकमध्ये पगार झाला, पाच-सात तारखेला एसआयपी, म्हणजे म्युच्युअल फंडातला दर महिन्याचा ठरलेला हप्ता, कटली की माझ्या व्हॉट्सअॅपवर स्क्रीनशॉट यायला लागतात. सातपूर-अंबडच्या कंपन्यांतले, सिडकोतले, शाळेतले शिक्षक, मधूनच निफाड-दिंडोरीकडचे बागायतदार, आणि फिरून फिरून प्रश्न एकाच आकड्याचे, अॅपमध्ये सरासरी एनएव्ही म्हणून दिसतो त्या. म्हणून एकदाच सगळं इथे लिहून ठेवतोय. हिशोब सोपा राहावा म्हणून आकडे गोल घेतलेत, कुठल्याही खऱ्या फंडाचे नाहीत. कुठला फंड घ्यायचा हे इथे सापडणार नाही.

१. सरासरी खरेदी किंमत म्हणजे नक्की काय आणि ती काढायची कशी?

आजपर्यंत फंडात टाकलेले एकूण पैसे भागिले हातात असलेली एकूण युनिट्स. बस, एवढंच. दर महिन्याला ५,००० रुपये जातात, त्या दिवशीच्या एनएव्हीने, म्हणजे एका युनिटच्या भावाने, भागून जेवढी युनिट्स बसतात तेवढी तुमच्या खात्यात जमा होतात. सहा महिन्यांचं एक उदाहरण घेऊ, खाली सगळीकडे हेच वापरणार आहे:

| महिना | एनएव्ही | रक्कम | युनिट्स |
|---|---|---|---|
| १ | ५० | ५,००० | १०० |
| २ | ४० | ५,००० | १२५ |
| ३ | २५ | ५,००० | २०० |
| ४ | २० | ५,००० | २५० |
| ५ | २५ | ५,००० | २०० |
| ६ | ४० | ५,००० | १२५ |
| एकूण | | ३०,००० | १,००० |

तीस हजार भागिले हजार, म्हणजे सरासरी ३० रुपये. सहाव्या महिन्यात एनएव्ही ४० आहे म्हणून आजची किंमत ४०,००० आणि नफा १०,०००. पन्नासचा फंड वीसवर जाणं म्हणजे फारच मोठी पडझड झाली, खरं आहे, पण फरक डोळ्यांना दिसावा म्हणून मुद्दाम तसं घेतलंय.

२. मी सहा एनएव्हींची बेरीज करून सहाने भागलं तर ३३.३३ येतं. तुमचे ३० कुठून आले?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि खरी गंमत इथेच आहे. तुम्ही काढली ती किमतींची सरासरी, त्यात प्रत्येक महिन्याला सारखंच वजन मिळतं. पण तुमची खरेदी प्रत्येक महिन्याला सारखी नव्हतीच. एनएव्ही ५० होती तेव्हा १०० युनिट्स आली आणि २० होती तेव्हा २५०, म्हणजे तुमच्याकडच्या हजार युनिट्सपैकी पाव हिस्सा त्या एकट्या वीसच्या महिन्यातला आणि पन्नासच्या महिन्यातला फक्त दहावा हिस्सा. स्वस्तातली युनिट्स संख्येनेच जास्त, म्हणून सरासरी त्यांच्या बाजूला झुकते.

कांद्याचं बघा ना. दर आठवड्याला ठरवून शंभराचेच कांदे घेणारा माणूस भाव २० असताना ५ किलो आणतो, ५० असताना २ किलो. दोनशे रुपयांत ७ किलो, म्हणजे त्याला किलो साधारण २८.५७ ला पडला. शेजारचा मात्र भाव काही असो दर आठवड्याला २ किलोच घेतो, त्याला पडला ३५ ने. बाजार एकच, दोघांनी कुठलाही अंदाज बांधलेला नाही, फरक फक्त पैसे ठरवले की वजन ठरवलं याचा. तुम्ही दर महिन्याला ५,००० ऐवजी ठरवून १०० युनिट्स घेतली असती तर तुमचीही सरासरी ३३.३३ च आली असती.

गणितात याला हार्मोनिक मीन म्हणतात. हप्ता सारखा असेल तर हा आकडा साध्या सरासरीपेक्षा कधीच वर जात नाही, आणि सगळ्या महिन्यांची एनएव्ही एकच असेल तरच दोन्ही सारखे येतात. एनएव्ही जितकी जास्त वरखाली होईल तितकं दोघांतलं अंतर वाढतं. म्हणून लिक्विड फंडात, जिथे एनएव्ही फारशी वरखाली होतच नाही, एसआयपी केली तर हा फरक जवळजवळ दिसतच नाही.

३. म्हणजे सरासरी कायम कमीच येते, मग एसआयपीत तोटा होऊच शकत नाही ना?

होतो की! सरासरी किमतींच्या सरासरीपेक्षा कमी आहे याचा अर्थ ती आजच्या एनएव्हीपेक्षा कमी आहे असा नाही, आणि नफा-तोटा ठरतो तो आजच्या एनएव्हीवर. वरच्याच सहा किमती घ्या, फक्त क्रम बदला: २५, ४०, ५०, ४०, २५, २०. पैसे तेच ३०,०००, युनिट्स तीच १,०००, सरासरी तीच ३०. पण शेवटची एनएव्ही २० आहे म्हणून हातात २०,००० आणि तोटा १०,०००.

क्रम काहीही लावा, सरासरी बदलत नाही, बदलते ती शेवटची किंमत. आधी पडून मग वर आलेल्या मार्केटमध्ये एसआयपी सुंदर दिसते आणि आधी चढून शेवटी पडलेल्यात तीच एसआयपी भिकार दिसते. एसआयपीच्या जाहिरातीत काढतात तो आलेख बहुतेक वेळा पहिल्या प्रकारचा, वाटीसारखा, असतो हे लक्षात ठेवा. आणि एखादा फंड पडून वर आलाच नाही, समजा एकाच सेक्टरचा होता आणि तो सेक्टरच झोपला, तर सरासरी दर महिन्याला खाली येत राहील, एनएव्ही तिच्याही खाली राहील आणि तुम्ही तोट्यातच राहाल.

४. मी ५० ला सुरू केली होती. एनएव्ही परत ५० झाल्याशिवाय नफा नाही ना?

नाही, तेवढं थांबावं लागत नाही. तुमची पहिली खरेदी ५० ला झाली, सगळी नाही. पाचव्या हप्त्यानंतर तुमच्याकडे ८७५ युनिट्स होती आणि २५,००० गेले होते, म्हणजे सरासरी २८.५७. त्या दिवशी एनएव्ही २५ म्हणून ३,१२५ चा तोटा दिसत होता. तिथून एनएव्ही २८.५७ च्या वर गेली की तुम्ही नफ्यात, सुरुवातीच्या ५० पासून फंड अजून चाळीस टक्क्यांहून जास्त खाली असला तरी. मार्च २०२० च्या पडझडीत ज्यांचे हप्ते चालू राहिले ते नंतर इंडेक्स जुन्या पातळीला यायच्या आधीच हिरव्यात आले, ते याच कारणाने. ज्याने सगळे पैसे एकदम ५० ला टाकले त्याला मात्र ५० ची वाट बघावीच लागते.

५. मार्केट नुसतं चढतंय, दर हप्त्याला माझी सरासरी वाढतेय. महाग असताना थांबवून पडल्यावर परत सुरू करू का?

सरासरी वाढली म्हणजे काहीतरी बिघडलं असं वाटतं लोकांना. चढत्या मार्केटमध्ये ती वाढणारच, दुसरं काही होऊच शकत नाही. फक्त चार महिने घेऊ, एनएव्ही २०, २५, ४०, ५०. चारही हप्ते भरले तर २०,००० मध्ये ६७५ युनिट्स, सरासरी २९.६३, ५० च्या भावाने किंमत ३३,७५०, म्हणजे नफा १३,७५०.

आता समजा ४० झाल्यावर घाबरून थांबलात. १०,००० मध्ये ४५० युनिट्स, सरासरी २२.२२. अॅपमध्ये एकदम झकास दिसतं, मित्रांना दाखवण्यासारखं. किंमत मात्र २२,५०० आणि नफा १२,५००. सरासरी सात रुपयांनी चांगली आणि नफा साडेबाराशेने कमी! कारण ४० ला टाकलेल्या हप्त्यानेही नंतर १,२५० कमावले होते, तेवढे गेले. अर्थात पुढे मार्केट कोसळलं असतं तर थांबणारा शहाणा ठरला असता, पण ते त्या दिवशी कळत नसतं, आणि थांबलेले परत नेमके कधी सुरू करतात ते मी बघितलंय, बहुतेक जण अजून वर गेल्यावर. माझं मत सांगायचं तर सरासरी कमी ठेवणं हे ध्येयच चुकीचं आहे. तसं असेल तर पहिला हप्ता २० ला भरून कायमचं थांबा, सरासरी २० च राहील.

आणि हो, याच चार महिन्यांत कोणी पहिल्याच दिवशी २०,००० एकदम टाकले असते तर त्याच्याकडे १,००० युनिट्स आणि ५०,००० रुपये झाले असते. सरळ चढत जाणाऱ्या मार्केटमध्ये एसआयपी एकरकमीपुढे हरते, हे कोणी लपवत असेल तर त्याला विचारा.

६. पाच वर्षं झाली. आता मार्केट पडलं तरी सरासरी हलतच नाही, अॅप बिघडलंय का?

अॅप ठीक आहे, तुमचा डोंगर मोठा झालाय. सुरुवातीला १,००० युनिट्स आणि सरासरी ३० असताना २० च्या एनएव्हीला एक हप्ता भरला की २५० युनिट्स येतात आणि सरासरी थेट २८ वर जाते. साठ हप्त्यांनंतर, समजा ३ लाख रुपये आणि १०,००० युनिट्स, सरासरी तीच ३०. आता २० ला तोच हप्ता भरला तर ३,०५,००० भागिले १०,२५०, म्हणजे २९.७६. फक्त २४ पैसे हलली. तिला २८ वर आणायचं असेल तर २० च्याच भावाने ५०,००० टाकावे लागतील, म्हणजे दहा हप्ते एकदम.

पहिल्या दोन-तीन वर्षांत पडझड आली तर हप्तेच तुम्हाला सावरतात. दहाव्या वर्षी आली तर जमलेल्या सगळ्या पैशाला फटका बसतो आणि त्या महिन्याचा हप्ता त्यापुढे काहीच नसतो. पोरीचं कॉलेज दीड-दोन वर्षांवर आलंय आणि "एसआयपी चालू आहे, अॅव्हरेज होईल" म्हणून निवांत बसलेले लोक मला भेटतात, त्यांना मी हाच हिशोब कागदावर करून देतो.

७. मध्येच हप्ता वाढवला किंवा बोनसचे पैसे एकदम टाकले तर सूत्र बदलतं का?

प्रश्न १ मधलं सूत्र तसंच राहतं, एकूण पैसे भागिले एकूण युनिट्स. फक्त नुसत्या एनएव्हींवरून काढायचा शॉर्टकट चुकतो. सातव्या महिन्यात एनएव्ही ४० असताना तुम्ही हप्ता १०,००० केला तर २५० युनिट्स आली, एकूण ४०,००० मध्ये १,२५०, सरासरी ३२. एक्सेलच्या हार्मोनिक मीनच्या फंक्शनमध्ये सातही एनएव्ही टाकल्या तर ३१.११ येतं, कारण त्याला वाटतं सगळे हप्ते सारखेच आहेत. म्हणून एक्सेलमध्ये रक्कम बी कॉलममध्ये आणि युनिट्स सी कॉलममध्ये ठेवून असं काढा:

```
=SUM(B2:B8)/SUM(C2:C8)
```

हप्ता कायम सारखा असेल तरच एनएव्हींच्या कॉलमवर हे चालतं:

```
=HARMEAN(D2:D7)
```

८. ५,००० भागिले ५० म्हणजे १०० युनिट्स यायला हवीत, स्टेटमेंटवर ९९.९९५ का?

स्टॅम्प ड्युटी. १ जुलै २०२० पासून म्युच्युअल फंडाच्या खरेदीवर ०.००५ टक्के लागते, ५,००० वर २५ पैसे. म्हणजे ४,९९९.७५ चीच युनिट्स आली. सरासरीवर याचा परिणाम जवळजवळ शून्य, सोडून द्या.

तुम्ही धरलेली आणि लागलेली एनएव्ही वेगळी दिसत असेल तर कारण बहुतेक तारीख. इक्विटी फंडात फेब्रुवारी २०२१ पासून पैसे कट-ऑफच्या आत, म्हणजे दुपारी ३ च्या आत, फंडाच्या खात्यात पोचले त्या दिवसाची एनएव्ही लागते, तुमच्या बँकेतून कटले त्या दिवसाचीच असं नाही. मध्ये शनिवार-रविवार किंवा बाजाराची सुट्टी आली की अजून पुढे. महिन्याची कुठली तारीख चांगली असंही लोक विचारतात, काही फरक पडत नाही, पगारानंतरची घ्या म्हणजे हप्ता परत जाणार नाही.

९. द्राक्षाचे पैसे आम्हाला वर्षातून एकदाच मिळतात, मार्च-एप्रिलमध्ये. दर महिन्याचं हे आम्हाला कसं जमणार?

पिंपळगाव-निफाडकडून दर सीझनला हा प्रश्न येतो आणि चांगला आहे. दोन रस्ते आहेत. एक, पैसे बँकेत ठेवून तिथूनच दर महिन्याला एसआयपी चालू द्यायची. पण सेव्हिंगमध्ये पडलेला पैसा औषधं, मजुरी, लग्नकार्य यात विरघळतो, जानेवारीपर्यंत हप्ते परत जायला लागतात आणि बँक दंड लावते तो वेगळा. दुसरा, रक्कम लिक्विड फंडात टाकून तिथून दर महिन्याला ठरलेली रक्कम त्याच फंड हाउसच्या इक्विटी फंडात वळवायची, त्याला एसटीपी म्हणतात. समजा ६०,००० ठेवले आणि महिन्याला ५,००० वळवले तर इक्विटी फंडातली सरासरी अगदी प्रश्न १ सारखीच बनते.

फक्त हे माहिती असू द्या की दर महिन्याचं वळवणं म्हणजे लिक्विड फंडातून विक्री धरली जाते. त्यावर जो थोडाफार नफा झाला तो तुमच्या उत्पन्नात धरून स्लॅबप्रमाणे टॅक्स लागतो, शेतीचं उत्पन्न करमुक्त असलं तरी हा नफा शेतीचा नाही. आणि हे सगळं फक्त अशा पैशाचं, ज्याची पुढच्या छाटणीला गरज पडणार नाही.

१०. थोडी युनिट्स विकली, नवीन काही घेतलं नाही, तरी सरासरी ३० वरून २५.८१ कशी झाली?

हा सगळ्यात फसवा प्रकार. विक्रीत आधी घेतलेली युनिट्स आधी जातात. आपल्या उदाहरणात सहाव्या महिन्यानंतर ४० च्या भावाने २२५ विकली असं धरा. गेली कुठली? पहिल्या महिन्याची ५० वाली १०० आणि दुसऱ्याची ४० वाली १२५. उरली ७७५ युनिट्स, त्यांची खरेदी २०,००० रुपयांची, म्हणून सरासरी २५.८१. महाग माल आधी बाहेर पडला इतकंच, तुमची कमाई काही वाढली नाही.

इथे दुसरी गडबड होते. लोक म्हणतात सरासरी ३० होती, ४० ला विकली, युनिटमागे १० म्हणजे २,२५० नफा. टॅक्सच्या हिशोबात तसं नाही, ५० च्या १०० युनिट्सवर १,००० चा तोटा आणि ४० वाल्यांवर शून्य. म्हणजे अॅप एकूण नफा दाखवतंय आणि विकलेल्या भागावर मात्र शॉर्ट टर्म तोटा झालाय. तो रिटर्नमध्ये दाखवा, इतर भांडवली नफ्यातून वजा होतो, आणि रिटर्न वेळेत भरलं तर उरलेला आठ वर्षं पुढे नेता येतो.

वर्षाचा हिशोबही हप्त्यानुसारच होतो. एसआयपी सुरू करून १३ महिने झाले म्हणजे सगळी युनिट्स वर्षापेक्षा जुनी झाली असं नाही, फक्त पहिला एखादा हप्ता झाला. इक्विटी फंडात वर्षाच्या आतल्या नफ्यावर २० टक्के, त्यापुढच्यावर वर्षाला सव्वा लाखाच्या वर १२.५ टक्के असे दर २३ जुलै २०२४ पासून आहेत. बऱ्याच योजनांत वर्षाच्या आत काढल्यास एक टक्का एक्झिट लोडही असतो, तोही प्रत्येक हप्त्याला वेगळा मोजतात.

११. रेग्युलरमधून डायरेक्टमध्ये स्विच केलं आणि सगळा नफाच गायब झाला. पैसे गेले का?

पैसे जागेवर आहेत. रेग्युलर म्हणजे एजंटमार्फत घेतलेला प्लॅन, डायरेक्ट म्हणजे थेट फंडाकडून घेतलेला. स्विच म्हणजे जुन्या प्लॅनची विक्री आणि नवीन प्लॅनची खरेदी, म्हणून नव्या प्लॅनमध्ये तुमची सरासरी म्हणजे स्विचच्या दिवशीची एनएव्ही आणि नफा शून्यापासून सुरू. आपल्या उदाहरणात ४०,००० ची युनिट्स वळवली तर नवीन खरेदी ४०,००० ची दिसेल. आधीचा १०,००० चा नफा कुठे गेला? तो कमावून झाला, आणि त्यावर प्रश्न १० प्रमाणे टॅक्स लागू झाला; एक्झिट लोड लागत असेल तर तो नफ्यावर नाही, विकलेल्या रकमेतून कापला जातो आणि नवीन खरेदी तेवढी कमी दिसते. युनिट्सची संख्याही बदलते कारण डायरेक्टची एनएव्ही वेगळी, सहसा जास्त असते. जुना आणि नवा असे दोन्ही व्यवहार एका कागदावर बघायचे असतील तर फंडांच्या नोंदी ठेवणाऱ्या कॅम्स किंवा केफिनटेकच्या साइटवरून एकत्रित स्टेटमेंट मागवा, अॅपवर अवलंबून राहू नका.

१२. मी डिव्हिडंडवाला पर्याय घेतलाय. सरासरी ५० आणि एनएव्ही ४६ दिसते, म्हणजे तोट्यात आहे?

आधी किती पैसे हातात आले ते बघा. या पर्यायाचं आताचं नाव आयडीसीडब्ल्यू. फंडाने पैसे वाटले की एनएव्ही तेवढीच खाली येते, तुमची सरासरी मात्र कोणी कमी करत नाही. १०० युनिट्सवर समजा युनिटमागे ६ रुपये मिळाले होते तर ६०० बँकेत आले आणि अॅप ४०० चा तोटा दाखवतंय, म्हणजे प्रत्यक्षात तुम्ही २०० ने वर आहात. ते ६०० तुमच्या उत्पन्नात धरून स्लॅबप्रमाणे टॅक्स लागेल तो वजा करून बघा, तीसच्या स्लॅबात असाल तर १८० रुपये तिथेच जातात.